विज्ञान परिसंवादाचं स्वागतपर भाषण : आधी कोणाचं नाव घ्यायचं?

अंत्रुजकर

नमस्कार मंडळी. मी फोंडा तालुक्यातल्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. येत्या २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, आमच्याकडे एक दिवसाचा परिसंवाद आहे. विषय आहे खाजन जमिनी, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली खाडीकाठची शेतं, आणि खारफुटी. उद्घाटनाचं स्वागतपर भाषण माझ्याकडे आलंय. विषयाबद्दल बोलायला मला काही अडचण नाही, मी अडलेय ती पहिल्या दोन ओळींत.

व्यासपीठावर सात जण आहेत. राज्य मंत्रिमंडळातले एक मंत्री उद्घाटक आहेत. दोनापावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेतल्या एक ज्येष्ठ शास्त्रज्ञ प्रमुख पाहुण्या आहेत आणि बीजभाषणही त्यांचंच आहे. एका विद्यापीठाचे माजी कुलगुरू सन्माननीय अतिथी आहेत. आमच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष कार्यक्रमाच्या अध्यक्षस्थानी असतील. शिवाय प्राचार्य आहेत आणि निमंत्रक म्हणून आमचे विभागप्रमुख आहेत. सातवे आहेत एक शेतकरी काका. त्यांनी चाळीस वर्षं गावच्या मानशीची, म्हणजे बांधातून पाणी आतबाहेर सोडणाऱ्या मोरीची, दारं सांभाळली आहेत आणि पहिल्या सत्रात ते मानस कशी चालते ते दाखवणार आहेत.

स्टाफरूममध्ये तीन मतं आहेत. एक जण म्हणतात मंत्री आधी, दुसरे म्हणतात अध्यक्ष आधी, आणि प्राचार्य म्हणतात प्रमुख पाहुण्या आधी, कारण त्या पाहुण्या आहेत. मागे एका कार्यक्रमात एका ज्येष्ठ बाईंचं नाव घ्यायचं राहून गेलं होतं. त्या काही बोलल्या नाहीत, पण चहालाही थांबल्या नाहीत. तेव्हा मी सभागृहात बसले होते आणि ते मी विसरलेले नाही. म्हणून विचारते, क्रम नेमका कसा लावायचा?

पर्वरीकर

ताई, याचं उत्तर लेखी आहे. राष्ट्रपतींच्या सचिवालयाने २६ जुलै १९७९ रोजी काढलेली मानक्रमाची यादी आहे, तिच्यात पुढे दुरुस्त्याही झाल्या आहेत. आपापल्या राज्यात राज्यपाल चौथ्या क्रमांकावर, मुख्यमंत्री सातव्या, विधानसभेचे सभापती चौदाव्या, राज्याचे कॅबिनेट मंत्री पंधराव्या आणि खासदार एकविसाव्या क्रमांकावर येतात. तुमच्या व्यासपीठावर या यादीतले फक्त मंत्री आहेत. म्हणजे मंत्री पहिले, बाकीचे त्यांच्यामागून. सचिवालयात माझी बावीस वर्षं गेली, हा क्रम चुकल्यावर काय होतं ते मी पाहिलंय.

म्हापसेकार

आमच्या विभागात नियम असा की ज्याने प्रत्यक्ष काम केलं त्याचं नाव पहिलं आणि मार्गदर्शकाचं शेवटी. सारांश पुस्तिकेत वर्णानुक्रमे घेतली तर कोणाची तक्रार राहत नाही.

अंत्रुजकर

म्हापसेकार सर, ते शोधनिबंधाच्या लेखकांबद्दल झालं. माझा प्रश्न व्यासपीठावरच्या पाहुण्यांचा आहे. पण पुस्तिकेचाही घोळ आमच्याकडे आहेच, तुमची सूचना समितीला सांगते.

ताळगावपठार

मी विद्यापीठाच्या प्रशासनातून निवृत्त झालो. उद्घाटनं, दीक्षान्त समारंभ, परिसंवाद यांच्या पत्रिका आणि मिनिटवार कार्यक्रम तयार करण्यात बरीच वर्षं गेली. पर्वरीकरांनी सांगितलेले क्रमांक बरोबर आहेत, पण ते लावायचे कुठे, तिथे माझं मत वेगळं आहे.

त्या यादीच्या खालीच टीप आहे की हा क्रम शासकीय आणि समारंभीय प्रसंगांसाठी आहे, सरकारच्या रोजच्या कामकाजाला तो लागू नाही. महाविद्यालयाचा परिसंवाद हा सरकारी समारंभ नव्हे. शिवाय तुमच्या सातांपैकी सहा जण त्या यादीत नाहीत. कुलगुरूंनाही तिच्यात जागा नाही, मग माजी कुलगुरू, संस्थाध्यक्ष आणि प्राचार्य तिच्यात कुठून सापडणार? त्या यादीचा उपयोग एवढाच की व्यासपीठावर दोन-तीन शासकीय पदं आली, तर त्यांच्यातला आपसातला क्रम तिच्यावरून ठरवायचा. उद्या मंत्र्यांबरोबर खासदारही आले तर मंत्री आधी, सभापती आले तर सभापती मंत्र्यांच्याही आधी.

आता मूळ प्रश्न. स्टाफरूममधली तिन्ही मतं आपापल्या जागी खरी आहेत, कारण तिघे दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलतायत. स्वागतपर भाषणात नावं दोनदा येतात. पहिल्यांदा संबोधनात, म्हणजे तुम्ही कोणाला उद्देशून बोलताय ते सांगताना. दुसऱ्यांदा प्रत्यक्ष स्वागतात. या दोन याद्या वेगळ्या आहेत. एकच यादी दोन्हीकडे वापरली की गोंधळ होतो आणि सभेला तीच नावं दोनदा ऐकावी लागतात.

संबोधनात आपल्या मराठी सभेची रीत अशी की सभा अध्यक्षांची असते, म्हणून पहिला शब्द त्यांना. पूर्वी अध्यक्षांच्या नावाची सूचना मांडायची, कोणीतरी अनुमोदन द्यायचं आणि मग ते स्थानापन्न झाले की पुढचा प्रत्येक वक्ता त्यांना उद्देशून बोलायचा. हल्ली पत्रिकेवरच नाव छापलेलं असतं, तरी रीत तीच आहे. अध्यक्षांनंतर उद्घाटक, मग प्रमुख पाहुण्या, मग सन्माननीय अतिथी, मग प्राचार्य आणि निमंत्रक, आणि शेवटी सभागृह. याला अपवाद राज्यपाल किंवा मुख्यमंत्री यांचा. ते असले तर अध्यक्ष कोणीही असोत, पहिलं नाव त्यांचं. राज्यपाल येणार असतील तर त्यांचं कार्यालय मिनिटवार कार्यक्रम आधी मागवून घेतं, तेव्हा क्रम तिथेच पक्का करून घ्यावा.

स्वागतात मात्र यजमानांना जागा नाही. तुम्ही संस्थेच्या वतीने उभ्या आहात. संस्थेचे अध्यक्ष, प्राचार्य आणि निमंत्रक हे तुमच्याच घरचे. घरच्यांनी घरच्यांचं स्वागत करायचं नसतं. तिथे क्रम उद्घाटकांपासून सुरू होतो.

पर्वरीकर

पण मंत्री बसलेले असताना संस्थाध्यक्षांचं नाव आधी घेतलं, तर मंत्र्यांचे स्वीय सचिव नाराज होतात. हा अनुभव आहे, पुस्तकातलं सांगत नाही.

ताळगावपठार

तो अनुभव खरा आहे आणि त्यावर उपाय भाषणात नसतो, पत्रिकेत असतो. तुमच्या पत्रिकेत वर कोणाचं नाव छापलंय? ‘माननीय मंत्री अमुक यांच्या शुभहस्ते’ अशी ओळ वर आणि ‘अध्यक्षस्थानी’ खाली असेल, तर मंत्र्यांच्या कार्यालयाने ती पत्रिका पाहूनच होकार दिलेला असतो. तोंडी क्रम त्या पत्रिकेशी जुळला पाहिजे. व्यासपीठावरच्या नामफलकांचा आणि पुष्पगुच्छ देण्याचा क्रमही तोच हवा. चारांपैकी एक जरी वेगळा निघाला तरी लोकांच्या लक्षात येतं. पत्रिका छापायची असेल तर अध्यक्ष आधी ठेवा. छापून झाली असेल आणि मंत्री वर असतील, तर संबोधनही मंत्र्यांपासून करा. त्यात काही बिघडत नाही. पत्रिका एक सांगते आणि माइकवरून दुसरंच ऐकू येतं, तेव्हा बिघडतं.

अंत्रुजकर

पत्रिका परवा छपाईला जाणार आहे. म्हणजे वेळ आहे. कच्च्या पत्रिकेत प्राचार्यांचं नाव प्रमुख पाहुण्यांच्याही वर होतं, ते आजच बदलून घेते.

घरच्यांचं स्वागत करायचं नाही, हे मात्र माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. माझ्या मसुद्यात ‘आमच्या लाडक्या प्राचार्यांचं मी मनःपूर्वक स्वागत करते’ असं वाक्य होतं. ते काढलं.

साखळीकर

इथे थोडं असहमत. आमच्याकडे एकाच शिक्षणसंस्थेच्या पाच शाळा आणि एक महाविद्यालय आहे. संस्थाध्यक्ष महाविद्यालयात वर्षातून दोनदा येतात. विभागाने कार्यक्रम ठेवला तर विभागाच्या दृष्टीने ते पाहुणेच झाले. त्यांचं स्वागत केलं नाही तर ते तुटक वाटतं.

ताळगावपठार

यावर दोन्ही रिती चालू आहेत हे मान्य. मी स्वतः ‘ज्यांच्या अध्यक्षतेखाली आपण जमलो आहोत ते आमच्या संस्थेचे अध्यक्ष’ असं म्हणतो. ‘आमच्या’ या शब्दात त्यांचा मान येतो आणि ‘स्वागत’ हा शब्द टळतो. पण विभाग स्वतःच्या नावाने बोलवत असेल तर साखळीकरांचं म्हणणं चुकीचं नाही.

समुद्रकाठी

मी दुसऱ्या बाजूने बोलते, कारण वर्षातून आठ-दहा ठिकाणी मला पाहुणी म्हणून जावं लागतं. खरं सांगायचं तर माझं नाव दुसरं आलं की चौथं, याने मला फरक पडत नाही. पद चुकलं की मात्र पडतो. एका ठिकाणी स्वागतात माझा उल्लेख ‘संचालक’ असा झाला. मी संचालक नाही, शास्त्रज्ञ आहे. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तसंच छापून आलं आणि आमच्या कार्यालयात मला खुलासा द्यावा लागला. बोलणाऱ्यांनी मान देण्यासाठीच ते वाढवून सांगितलं होतं, पण त्याची किंमत मी मोजली.

म्हणून अंत्रुजकर, प्रत्येक पाहुण्याला आठवडाभर आधी एकच संदेश पाठवा. त्यात तुम्ही जी ओळ उच्चारणार आहात ती जशीच्या तशी लिहा आणि ‘हे नाव आणि पद असंच बरोबर आहे ना?’ एवढं विचारा. परिचय मागवला की लोक तीन पानं पाठवतात आणि त्यातून पद शोधताना चूक होते. ओळ दाखवली की ते ती दुरुस्त करून देतात.

नावाचा उच्चारही फोनवर विचारून घ्या. गोव्यात एकाच आडनावाचे दोन-तीन उच्चार चालतात, ख्रिस्ती आडनावांचे तर चालतातच. रोमीत लिहिलेलं वाचून अंदाजाने बोललं की नेमकं चुकतं. स्वतःच्या कागदावर सगळी नावं देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहा.

आणखी एक. कोणाला पद्म पुरस्कार मिळालेला असेल तर नावाआधी ‘पद्मश्री’ लावू नका. सर्वोच्च न्यायालयाने बालाजी राघवन खटल्यात, १९९५ मध्ये, स्पष्ट सांगितलंय की हे पुरस्कार म्हणजे किताब नव्हेत, ते नावाच्या मागेपुढे लावायचे नाहीत. ‘पद्मश्रीने सन्मानित’ असं वाक्यात सांगता येतं.

अंत्रुजकर

हे मला अगदी लागू पडतं! माझ्या मसुद्यातही प्रमुख पाहुण्यांना मी ‘संचालक’ लिहून ठेवलं होतं, कोणाच्या तरी तोंडून ऐकून. आजच संदेश पाठवते.

काणकोणची माई

माझा अनुभव सांगते, कारण तुमच्याकडेही मंत्री आहेत. आमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला पाहुणे पन्नास मिनिटं उशिरा आले. मुलं उन्हात बसलेली, म्हणून मुख्याध्यापिकांनी मला सुरू करायला सांगितलं. मी स्वागताच्या मध्यावर होते आणि गाड्या आल्या. सगळे उठून दाराकडे गेले. मी माइकपाशी एकटी. पुढे बोलू की थांबू, कळेना. मी बोलत राहिले आणि कोणी ऐकत नव्हतं. ज्या बाई वेळेवर आल्या होत्या, त्यांचं स्वागत त्या गलक्यातच बुडालं. मला अजून त्याचं वाईट वाटतं. अशा वेळी काय करायचं असतं?

ताळगावपठार

माई, तुम्ही एकट्या पडलात हा संयोजनाचा दोष होता, तुमचा नव्हे. वाक्य पूर्ण करायचं आणि ‘आपले उद्घाटक येत आहेत, त्यांचं आपण उभं राहून स्वागत करू या’ एवढं म्हणून थांबायचं. ते स्थानापन्न झाले, सभागृह शांत झालं, की ज्या पाहुण्यांचं स्वागत चाललं होतं त्यांच्याच नावापासून पुन्हा सुरू करायचं. मागचं सगळं पहिल्यापासून सांगायचं नाही. आलेल्यांचं औपचारिक स्वागत त्यानंतर लगेच, त्यांच्या नेहमीच्या वाक्याने.

यासाठी मी एक सवय लावून घेतली होती. उद्घाटकांच्या स्वागताचा परिच्छेद वेगळ्या कार्डावर लिहायचा. ते वेळेवर आले तर कार्ड पहिलं, उशिरा आले तर मध्ये, आलेच नाहीत तर खाली. बाकीचं भाषण असं लिहायचं की ते कार्ड काढलं तरी वाक्यं तुटत नाहीत. ‘त्यांच्यानंतर’, ‘त्याचप्रमाणे’ असे जोड देणारे शब्द परिच्छेदांच्या सुरुवातीला ठेवू नयेत, कारण कार्ड हललं की ते लोंबकळत राहतात.

मंत्री आलेच नाहीत आणि प्रतिनिधी पाठवला, तर प्रतिनिधीला मंत्र्यांचा क्रम मिळत नाही. ते उद्घाटन करणार असतील तर उद्घाटक म्हणून त्यांच्या स्वतःच्या पदासह नाव घ्यायचं. फक्त शुभसंदेश वाचणार असतील तर ते सन्माननीय अतिथींनंतर. ‘मंत्रिमहोदयांच्या वतीने’ हे शब्द मात्र जरूर यावेत. अशा वेळी उद्घाटन कोणी करायचं हे आधीच ठरवून ठेवा, आयत्या वेळी व्यासपीठावर कुजबुज नको. तुमच्या कार्यक्रमात मी ते प्रमुख पाहुण्यांकडे दिलं असतं. विषय त्यांचाच आहे.

पर्वरीकर

प्रतिनिधीचं बरोबर आहे. आमच्याकडूनही संदेश पाठवताना तसंच लिहितो.

साखळीकर

शब्दांबद्दल दोन गोष्टी. राज्यपाल आले की लोक ‘महामहिम’ म्हणतात. २०१२ मध्ये राष्ट्रपती भवनाने तो शब्द देशांतर्गत वापरातून काढला, तेव्हापासून ‘माननीय राज्यपाल’ म्हणायचं. दुसरं, कुलपती आणि कुलगुरू. मराठीत कुलपती म्हणजे विद्यापीठाचे सर्वोच्च पद, गोवा विद्यापीठाचे कुलपती राज्यपाल असतात. रोजचा कारभार पाहणारे ते कुलगुरू. हिंदीत मात्र कुलगुरूंनाच सर्रास कुलपति म्हणतात. हिंदीतली ओळख डोळ्यांसमोर ठेवून बोललं की माजी कुलगुरू थेट राज्यपालांच्या खुर्चीत जाऊन बसतात. मी हे दोनदा ऐकलंय.

आणि भाषेबद्दल. काका शेतकरी आहेत, सभागृहातली निम्मी मुलं घरात कोंकणी बोलतात. शास्त्रज्ञ बाईंना मराठी येते का, तेही पाहा. सुरुवातीला ‘तुमकां सगळ्यांक येवकार’ एवढं कोंकणी वाक्य घ्या आणि मग मराठीत जा. तीन भाषांत तीनदा स्वागत करू नका.

अंत्रुजकर

सगळ्यांचं ऐकून मसुदा केलाय. नावांच्या जागी अमुक लिहिलंय.

“तुमकां सगळ्यांक येवकार. कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आमच्या संस्थेचे अध्यक्ष माननीय श्री. अमुक, उद्घाटक माननीय मंत्री श्री. अमुक, प्रमुख पाहुण्या डॉ. अमुक, सन्माननीय अतिथी आदरणीय डॉ. अमुक, प्राचार्य डॉ. अमुक, निमंत्रक प्रा. अमुक, आणि अभ्यासक, शेतकरी व विद्यार्थी मित्रांनो.

भरतीचं पाणी चढलं की मानशीची दारं त्या पाण्याच्याच दाबाने मिटतात आणि खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने तीच दारं उघडतात. या दारांमागे जी शेती उभी राहिली तिच्याबद्दल आज आपण दिवसभर बोलणार आहोत.

आजच्या परिसंवादाचं उद्घाटन करण्यासाठी वेळ काढून आलेले माननीय मंत्री श्री. अमुक यांचं मी स्वागत करते. डॉ. अमुक यांनी खाडीतल्या गाळाचा आणि खारफुटीचा अनेक वर्षं अभ्यास केला आहे. त्यांचं मी स्वागत करते. माजी कुलगुरू डॉ. अमुक यांनी या विषयावर काम करणारे विद्यार्थी घडवले. त्यांचं मी स्वागत करते...”

शेवटी बाहेरगावहून आलेले निबंधवाचक, शेजारच्या महाविद्यालयांतले प्राध्यापक, गावातले शेतकरी आणि विद्यार्थी यांचं एकत्रित स्वागत. काकांचं वाक्य अजून लिहिलेलं नाही. त्यांना कुठे ठेवू?

समुद्रकाठी

मानशीचं वाक्य फार आवडलं. माझ्यासारखीला तिथेच कळतं की बोलणारी व्यक्ती विषयातली आहे. प्रत्येक पाहुण्याबद्दल एकच वाक्य, तेही आजच्या विषयाशी जोडलेलं, हे अगदी योग्य. सविस्तर परिचय कोणीतरी वेगळा करून देणार असेलच, त्याच्या वाटणीचं तुम्ही घेऊ नका. तसंच परिसंवाद कशासाठी, किती निबंध आले, हे प्रास्ताविकात निमंत्रक सांगतील. ते तुमच्या भाषणात आलं तर निमंत्रकांना बोलायला काही उरत नाही आणि ते बिचारे तेच पुन्हा सांगतात.

ताळगावपठार

मसुदा चांगला आहे. दोन दुरुस्त्या. ‘माननीय’ तुम्ही संस्थाध्यक्ष आणि मंत्री या दोघांनाच लावलंय, ‘आदरणीय’ फक्त माजी कुलगुरूंना. प्रमुख पाहुण्यांना काहीच नाही. ऐकणाऱ्याला ते राहून गेल्यासारखं वाटेल. एक तर सगळ्या पाहुण्यांना काहीतरी लावा, किंवा मंत्र्यांचं ‘माननीय’ पदाबरोबरचं म्हणून ठेवून बाकी सगळ्यांना नुसतं पद आणि नाव ठेवा. मी दुसरं करीन. विशेषणं कमी असली की नावं स्पष्ट ऐकू येतात.

दुसरं, ‘मी स्वागत करते’ हे लागोपाठ येतंय. ‘मी’ नको, संस्थेच्या वतीने बोलताय, म्हणून ‘आम्ही स्वागत करतो’ असू द्या. आणि प्रत्येक स्वागतानंतर पुष्पगुच्छ द्यायचा की नाही ते सूत्रसंचालकांशी ठरवा. भाषणाच्या मध्ये पुष्पगुच्छ आले की चार मिनिटांचं भाषण अकरा मिनिटांचं होतं, कारण प्रत्येक वेळी छायाचित्रासाठी थांबावं लागतं. भाषण संपल्यावर सगळ्यांना एकामागून एक, त्याच क्रमाने दिले तर लवकर होतं. व्यासपीठावर बोलताना मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्दांपेक्षा जास्त वेग नको. तुमचं भाषण साडेचारशे शब्दांच्या आत ठेवा.

पर्वरीकर

काकांबद्दल. ते सत्रातले वक्ते आहेत ना? मग उद्घाटनाला व्यासपीठावर कशाला बसवता? पहिल्या सत्रात त्यांचं स्वागत तेव्हाच करा. उद्घाटनात त्यांना बसवलं की क्रमात शेवटी जावं लागतं, आणि ते बरं दिसत नाही.

काणकोणची माई

व्यासपीठावरून खाली बसवणं जास्त वाईट दिसेल. निरोप गेलेला आहे ना त्यांना? घरात सांगितलं असेल, शेजारी सांगितलं असेल.

साखळीकर

मी तर म्हणतो माजी कुलगुरूंच्या आधी घ्या. ज्या दारांबद्दल ताई पहिल्याच वाक्यात बोलतायत, ती काकांनीच तर सांभाळली.

ताळगावपठार

आधी घेणं मला पटत नाही. माजी कुलगुरूंचं नाव पत्रिकेत सन्माननीय अतिथी म्हणून आहे आणि काकांचं पहिल्या सत्रात. तो क्रम मोडला तर वर जे काही सांगितलं ते सगळं मोडतं. पण शेवटचं नाव म्हणजे कमी मान, हेही खरं नाही. स्वागताच्या यादीत शेवटच्या पाहुण्यापाशी तुम्ही थोडं जास्त थांबू शकता, कारण त्यानंतर नाव उरलेलं नसतं. तिथे दोन वाक्यं घेतली तर क्रम पाळला जातो आणि सभागृहाला ते लक्षातही राहतं. आणि संबोधनात त्यांचं नाव नाही, ते घाला. व्यासपीठावर बसलेल्या प्रत्येकाचं नाव संबोधनात यायलाच हवं.

पर्वरीकर

माझं मत तेच आहे, उद्घाटनात व्यासपीठावर पाच-सहा खुर्च्यांपेक्षा जास्त नकोत. पण माई म्हणतात ते खरं, निरोप गेलाय तर आता बदलू नका.

अंत्रुजकर

संबोधनात काकांचं नाव राहिलं होतं हे मला ताळगावपठार सरांनी सांगेपर्यंत दिसलंच नाही. ज्या चुकीची भीती म्हणून मी धागा काढला, तीच मसुद्यात होती. आता निमंत्रकांच्या आधी त्यांचं नाव घातलंय, कारण निमंत्रक घरचे आणि काका पाहुणे. प्राचार्यांच्याही आधी घ्यावं का, यावर विभागात अजून चर्चा चालू आहे.

पत्रिका गेली. अध्यक्ष, उद्घाटक, प्रमुख पाहुण्या, सन्माननीय अतिथी, या क्रमाने. मंत्र्यांच्या कार्यालयाला मसुदा पाठवला होता, त्यांनी काही बदल सुचवला नाही. समुद्रकाठी ताईंनी सांगितल्याप्रमाणे सगळ्यांना त्यांची ओळ पाठवली. प्रमुख पाहुण्यांनी पद दुरुस्त करून दिलं आणि खाली ‘विचारल्याबद्दल आभार’ असं लिहिलं. माजी कुलगुरूंनी आपल्या नावाआधीचं ‘प्रा.’ काढायला सांगितलं, ‘डॉ.’ पुरे म्हणाले.

काकांकडे फोन नाही, म्हणून काल संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन आले. ओहोटी होती, मानशीची दारं उघडी होती आणि ते बांधावर बसले होते. मी माझी ओळ वाचून दाखवली, ‘चाळीस वर्षं मानस सांभाळणारे’. ते म्हणाले, एकट्याचं नाव घेऊ नकोस, बाय. बांध फुटला की रात्री चिखल टाकायला आम्ही चौघे असायचो, त्यातले दोघे आता नाहीत. चौघांची नावं त्यांनी मला दोनदा म्हणायला लावली, उच्चार नीट होईपर्यंत.

घरी येऊन घड्याळ लावून वाचलं. चौघांच्या नावांनी चौदा सेकंद वाढतात. माझ्या मसुद्यात एवढी जागा आहे. वारलेल्या दोघांची नावं स्वागताच्या वाक्यात घेऊ की त्याआधी वेगळ्या वाक्यात, एवढंच कोणी सांगा.

काणकोणची माई

आधी वेगळ्या वाक्यात, स्मरण म्हणून. मग हयात असलेल्या दोघांचं स्वागत. आणि त्या दुसऱ्या काकांनाही बोलवा, पहिल्या रांगेत एक खुर्ची ठेवा.